५०१ व ५०२ची एकच लाइन: दोन व्हॉल्व्ह, दोन सबमीटर

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

विषय: सामाईक डाउनटेक लाइनवर स्वतंत्र व्हॉल्व्ह व सबमीटर बसवण्यास परवानगी मिळणेबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आमचे दोन्ही फ्लॅट मूळचे एकाच कुटुंबाचे जोडफ्लॅट. मधली भिंत परत उभी राहिली, पण गच्चीवरून येणारी एक इंची लाइन एकच राहिली आणि तिच्यावर सोसायटीचा मीटरही एकच. ५०२ मध्ये दोन माणसं, आमच्याकडे चार, आणि बिल निम्मं-निम्मं. शेजारी कधी बोलले नाहीत, पण मलाच ते बरं दिसत नाही. त्यात गेल्या महिन्यात त्यांच्या गिझरचा जोड गळायला लागला तेव्हा गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करावा लागला आणि आमच्याकडे कणीक भिजवायलाही पाणी नव्हतं.

नवीन लाइन टाकायची म्हणजे टाकीला नवीन भोक आणि डक्टमध्ये वरपासून खालपर्यंत पाइप. ते नको. सोसायटीच्या मीटरनंतर डक्टमध्ये एक टी घालून पाऊण इंची दोन फाटे काढायचे. प्रत्येक फाट्यावर आधी बॉल व्हॉल्व्ह, मग गाळणी, मग मीटर, मग पाणी उलटं येऊ न देणारा एनआरव्ही. मीटर दोन्ही बाजूंनी युनियनने बसवायचा, म्हणजे उद्या बिघडला तर पाइप न कापता निघेल. तो आडवा आणि तबकडी वर ठेवून बसवायचा. जागा वाचवायला प्लंबर उभा बसवू पाहतात, पण तसा बसवला की कमी धारेत मोजणी चुकते.

एनआरव्ही कशाला, असं आपण विचारलं होतं. गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद असताना आम्ही खालचा नळ उघडला आणि त्यांच्याकडे शॉवर उघडा राहिलेला असला, तर त्यांच्या पाइपातलं पाणी टीमधून आमच्याकडे येतं. त्यांचा मीटर तेवढा उलटा फिरतो आणि आमचा पुढे जातो. मात्र एनआरव्ही झडपेचा हवा, स्प्रिंगचा नको. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. स्प्रिंग उघडायलाच आमच्याकडचा बराचसा दाब खर्च होईल.

दाबाचंच मीटरच्या मापालाही लागू आहे. टाकीच्या तळापासून आमच्या शॉवरपर्यंत जेमतेम अडीच मीटर उंची मिळते. मिनिटाला १५ लिटर पाणी घेताना अर्धा इंची मीटर त्यातली एक मीटरच्या आसपास खाऊ शकतो, पाऊण इंची साधारण त्याच्या एक तृतीयांश. (मानकात दाबाची जी कमाल घट चालते तिच्यावरून हा हिशोब केला आहे.) म्हणून मीटर थोडा महाग पडला तरी पाऊण इंची घेणार. त्याचा तोटाही सांगून ठेवते: या मापाच्या ब वर्गाच्या मीटरची अचूकता तासाला ५० लिटरच्या खाली धरता येत नाही. फ्लशची टाकी बारीक झिरपत असेल तर ते पाणी सबमीटरवर नीट उमटणार नाही.

त्यामुळे दोन सबमीटरची बेरीज सोसायटीच्या मीटरशी तंतोतंत जुळणार नाही, आणि भांडणं तिथेच होतात. आम्ही आधीच ठरवलं आहे. समजा महिन्यात सोसायटीच्या मीटरवर २४ युनिट झाले, आमचे १४.२ आणि त्यांचे ८.८, म्हणजे बेरीज २३. उरलेला १ युनिट वापराच्या प्रमाणात वाटायचा: आमच्याकडे सुमारे ६१७ लिटर, त्यांच्याकडे ३८३. फरक पाच टक्क्यांच्या वर गेला तर रात्री दोन्ही फाट्यांचे व्हॉल्व्ह बंद करून सोसायटीच्या मीटरवरची छोटी लाल चक्री दहा मिनिटं पाहायची. फिरली तर गळती डक्टमध्ये, मीटर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कुठेतरी. थांबली तर गळती घरात शोधायची. तेव्हा एकेक फाटा उघडून बघायचा. घरातले सगळे नळ बंद असताना ज्याचा फाटा उघडल्यावर चक्री हलते, त्याने आपला फ्लश तपासावा.

सोसायटीचं बिल पूर्वीप्रमाणे मोठ्या मीटरवर एकच द्यावं. वाटणी आमची आम्ही करू. सर्व खर्चही आमचाच. एक विनंती मात्र ठरावात लेखी यावी: हे व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी आहेत, थकबाकीसाठी कुणाचं पाणी तोडायला नाहीत. व्हॉल्व्हची चावी डक्टच्या दारामागे, दोघांनाही हाताला येईल अशी राहील.

कामासाठी एका मंगळवारी सकाळी दहापासून गच्चीवरचा आमचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा लागेल. सोल्युशन नीट वाळावं म्हणून पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीच सोडू. इतर फ्लॅटना त्रास नाही. ५०२ यांची संमती सोबत जोडली आहे. डक्टची किल्ली वॉचमनकडे ठेवायला सांगावी, मागच्या वेळी ती शोधण्यात तासभर गेला होता.

आपली विश्वासू,
सदनिका क्र. ५०१