शेवटची चिठ्ठी अडली, कारण पहिलीच चुकीच्या गटात गेली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातल्या एका कबड्डी स्पर्धेच्या गटवाटणीला परवा हजर होतो. सोळा संघ, चार गट. गेल्या वर्षीच्या कामगिरीवरून संघांचे चार डबे केलेले आणि प्रत्येक डब्यातून गटागणिक एक संघ. अट एकच, एका तालुक्याचे दोन संघ साखळीत समोरासमोर नकोत. अट चांगलीच आहे. शेजारच्या गावाशी भिडायला कोण शहाद्याहून चोपड्याला येईल?

तीन डबे सुरळीत रिकामे झाले. ब गटात तोवर चोपडा, शिरपूर आणि यावल असे तीन संघ बसले होते. चौथ्या डब्यात याच तीन तालुक्यांचा एकेक संघ आणि चौथा शहाद्याचा. पहिली चिठ्ठी शहाद्याची निघाली. अ गटात शहाद्याचं कुणी नव्हतं, म्हणून पंचांनी ती तिथे लावली. पुढची चोपड्याची. तिला ब चालेना, ती क गटात गेली. यावलचंही तसंच, तो ड गटात. उरली शिरपूरची चिठ्ठी आणि उरला ब गट, जिथे शिरपूर आधीच बसलेलं! पंचांनी हळूच शहादा आणि शिरपूरची अदलाबदल केली आणि मागून आवाज आला, "हाई काय चाली ऱ्हायनं भो?" सेटिंगचा आरोप व्हायला एवढं पुरे होतं.

खरं तर सेटिंग नव्हतं. ब गटातली शेवटची जागा शहाद्याखेरीज कुणालाच चालणार नव्हती, हे चौथा डबा उघडण्याआधीच दिसत होतं. म्हणजे चिठ्ठी कुठे बसते एवढंच पाहून भागत नाही. ती तिथे लावल्यावर उरलेल्या सगळ्यांना जागा उरते का, हेही पाहावं लागतं. उरत नसेल, तर तो गट सोडून पुढचा घ्यायचा. फळ्यावर प्रत्येक रिकाम्या जागेसमोर चालणारे संघ लिहिले, तर हे पाच मिनिटांचं काम आहे. मात्र हा नियम आधी जाहीर करायला हवा, कारण त्यामुळे सगळ्यांची संधी सारखी राहत नाही. शहाद्याचा गट तर चिठ्ठी न उघडताच ठरला होता.

अट कितपत कडक ठेवायची, हेही मोजूनच ठरवावं. एका तालुक्याचे पाच संघ आले, तर चार गटांत ते वेगळे बसूच शकत नाहीत. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकात बारा गटांसाठी युरोपचे सोळा संघ होते, म्हणून युरोपपुरती एका गटात दोन संघांची मुभा ठेवली होती.

चूक मोठ्यांचीही होते. डिसेंबर २०२१ मध्ये युरोपातल्या चॅम्पियन्स लीग फुटबॉलच्या सोडतीत मँचेस्टर युनायटेडसमोर आधी त्यांच्याच गटात खेळलेला, म्हणून नियमाने न चालणारा व्हिलारेआल संघ निघाला. पुढे आणखी घोळ झाला, तेव्हा आयोजकांनी सगळी सोडत रद्द करून त्याच दिवशी पुन्हा काढली. आपल्या पंचांनीही दोन चिठ्ठ्या बदलण्यापेक्षा चौथा डबा सगळ्यांसमोर पुन्हा काढायला हवा होता. शहादा तेव्हाही ब गटातच गेला असता, पण का गेला ते मागच्या रांगेलाही दिसलं असतं.

आपला,
एक कबड्डीप्रेमी वाचक, चोपडा