खोलीभाड्याची कात्री औषधांवर का?

महोदय,
आरोग्यविम्याचा दावा मंजूर झाला की हाती पडेल ती रक्कम लोक निमूटपणे घेतात. कपातीचा कागद मात्र फारसे कोणी वाचत नाही. तो रुग्णालयाच्या तपशीलवार बिलाशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहायला हवा. माझ्या मावशींच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही तसे केले.

तीन लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे रोज 3,000 रुपये होती. खोली मिळाली 5,000 ची. चार दिवसांचे भाडे 20,000, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ओटी मिळून 60,000, औषधे व साहित्य 25,000 आणि तपासण्या 15,000, असे एकूण बिल 1,20,000 झाले. कंपनीने आधी हातमोजे वगैरे देय नसलेल्या वस्तूंचे 2,000 वजा केले. ते पॉलिसीतल्या यादीप्रमाणे बरोबरच होते. मग 'प्रपोर्शनेट डिडक्शन' म्हणजे प्रमाणशीर कपात असा शेरा मारून उरलेल्या सगळ्या रकमेतून सरसकट 40 टक्के कापले आणि 70,800 दिले.

गडबड इथेच आहे. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली की भाड्याबरोबर डॉक्टरांची फी, ओटी असे खर्चही त्याच प्रमाणात कापता येतात, हे खरे. पण औषधे व साहित्य, शरीरात बसवलेली उपकरणे आणि तपासण्या यांना ती कात्री लावायची नाही, असे विमा नियामक आयआरडीएआयने 2020 मध्ये ठरवून दिले. पॉलिसीतली 'असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस'ची, म्हणजे खोलीभाड्याबरोबर कापता येणाऱ्या खर्चांची व्याख्या वाचली की हे कळते.

म्हणून आम्ही वहीत तक्ता आखला: बिलातली नोंद, मागितलेली रक्कम, कापलेली रक्कम, कंपनीचे कारण, पॉलिसीचे कलम आणि शेवटी आमची मागणी. देय नसलेले 2,000 वगळून उरलेल्या औषधे व साहित्याच्या 23,000 आणि तपासण्यांच्या 15,000 समोर कपातीला आधार देणारे कलमच सापडेना. या 38,000 चे 40 टक्के म्हणजे 15,200 रुपये आम्ही परत मागितले. तक्ता भरताना औषधदुकानाची परताव्याची पावती जरूर शोधावी. परत केलेल्या औषधांचे पैसे आपल्या मागणीत राहिले, तर सगळा तक्ताच संशयास्पद ठरतो.

आणखी एक गोष्ट रुग्णालयातच विचारून घ्यावी. खोली बदलली तरी शस्त्रक्रियेचा दर तोच राहतो का? राहत असेल, तर डॉक्टरांच्या फीवरही प्रमाणशीर कपात लागू होत नाही. तसे पत्र रुग्णालयाच्या लेटरहेडवर घ्यावे. आमच्या रुग्णालयात खोलीनुसार दर वेगळे होते, त्यामुळे सर्जनच्या फीमधली कपात आम्ही मान्य केली.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी लागते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे त्यांची कार्यालये आहेत आणि शुल्क लागत नाही.

माझी मागणी एवढीच, की कंपन्यांनी एका शेऱ्यात कपात न गुंडाळता बिलातल्या प्रत्येक नोंदीसमोर कापलेली रक्कम आणि कलम छापून द्यावे. हिशेब त्यांच्याकडे तयार असतोच.

– एक वाचक, सातारा