पगाराच्या प्रमाणपत्राला तारीख हवी, परीक्षेला पगारपत्रक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रोजगार पुरवणीत हल्ली ‘पेरोल आणि कामगार कायदा’ प्रमाणपत्राच्या जाहिराती दिसतात. लहान कंपन्यांचे मालकही ते प्रमाणपत्र पाहूनच एचआर सहायक नेमतात आणि दुसऱ्याच महिन्यात पगाराचं काम त्याच्या हाती देतात. भोसरी परिसरातल्या अशा काही कंपन्यांचे पगारपत्रक मी तपासतो. या मुलामुलींना टक्केवारी पाठ असते, पण ती कधीपर्यंत लावायची हे बहुतेकांना शिकवलेलंच नसतं.

ईएसआय या कामगारांच्या आरोग्य विमा योजनेचंच घ्या. तिच्यात येण्यासाठी पगाराची मर्यादा दरमहा 21,000 रुपये. समजा, एका कामगाराचा पगार एप्रिल 2024 मध्ये 20,500 होता आणि जूनपासून 22,000 झाला. नवशिका सहायक जूनपासून कपात बंद करतो, कामगारही हातात चार पैसे जास्त आले म्हणून खूश. पण वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर असा सहा महिन्यांचा असतो. त्याच्या सुरुवातीला जो योजनेत आहे, तो मधे पगार वाढला तरी सप्टेंबरअखेर योजनेतच राहतो आणि वर्गणी पूर्ण 22,000 वर बसते. कामगाराचे पाऊण टक्क्याने 165 रुपये, मालकाचे सव्वातीन टक्क्यांनी 715. चार महिन्यांचे झाले 3,520.

ही चूक पुढे उघडकीला आली, तर कामगाराचा हिस्सा नंतरच्या पगारातून कापता येत नाही. सगळी रक्कम मालकाच्या अंगावर, वर 12 टक्के व्याज. कामगाराचं नुकसान मात्र याहून मोठं. आजारपणाच्या भत्त्यासाठी त्या सहा महिन्यांत किमान 78 दिवसांची वर्गणी लागते. एप्रिल-मे मिळून दिवस होतात 61. म्हणजे पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये तो आजारी पडला, तर पगाराच्या 70 टक्के मिळणारा भत्ता नोंदीअभावी अडकतो. मालकाकडून उशिरा वर्गणी भरून घ्यायची, तर त्यासाठी आजारी माणसानेच खेटे घालायचे!

हे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे, आणि कायद्यापुढे जबाबदार मालकच असतो. तरीही संस्थांनी बहुपर्यायी प्रश्नांऐवजी सहा महिन्यांचं पगारपत्रक पुढ्यात ठेवावं. मधेच झालेली पगारवाढ, महिनाअखेर सोडून गेलेला माणूस, फेब्रुवारीत 200 ऐवजी 300 होणारा व्यवसाय कर आणि त्यातून 25,000 पर्यंतच्या पगाराच्या महिलांना असलेली सूट, हे सगळं त्यात असावं. शिवाय अभ्यासक्रम कोणत्या तारखेच्या कायद्यावर आहे, ते प्रमाणपत्रावर छापावं. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि वेतनाची व्याख्याच बदलली. त्याआधीचं प्रमाणपत्र घेऊन येणाऱ्या उमेदवाराला मालकांनी निदान एवढं तरी विचारावं, की भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम कुठे धरायची.

आपला,
एक वेतन-हिशेबनीस, भोसरी