मंत्रिमहोदय, 'प्रवेश' म्हणजे नेमकं काय?

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी एका रासायनिक कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. हे पत्र एका पाटीबद्दल आहे. आमच्या सांडपाण्याच्या टाकीवर लोखंडी झाकण आहे आणि त्याच्या शेजारी खांबावर ती लावलेली होती. वर इंग्रजी, खाली मराठी. मराठी मजकूर असा होता:

धोका. मर्यादित जागा. परवानाधारकांसच प्रवेश. प्रवेशापूर्वी वातावरणाची चाचणी करणे अनिवार्य. परिचर आवश्यक.

व्याकरणाची चूक एकही नाही. छापणाऱ्याने मात्र 'अनिवार्य'चा रफार य वरून उचलून शेवटी टांगला होता, म्हणजे 'अनिवायर्'. मराठी फॉन्ट नीट न बसलेल्या संगणकावर असं होतं आणि छापून आलेली पाटी कोणी वाचून बघत नाही.

एकदा पंप गाळाने चोक झाला. ठेकेदाराकडच्या एका मुलाने झाकण सरकवलं, गुडघ्यावर बसला आणि बॅटरी घेऊन आत वाकला. काही सेकंदांत त्याचा हात सैल पडला. मागच्या माणसाने कॉलर धरून ओढला म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी मी चिडून विचारलं, "पाटी वाचली नव्हतीस?" तो म्हणाला, "वाचली की साहेब. पण मी प्रवेश कुठे केला? नुसतं वाकून बघितलं."

त्याचं बरोबर होतं. सुरक्षेच्या भाषेत मात्र शरीराचा कुठलाही भाग टाकीच्या तोंडाच्या आत गेला की तो प्रवेश झाला, नुसतं डोकं गेलं तरी. इंग्रजीत हा अर्थ नियमावलीतून आणि प्रशिक्षणातून ठरवून दिलेला असतो. मराठीत प्रवेश कॉलेजात मिळतो, नाटकात असतो, घरात गृहप्रवेश होतो. वाकून बघण्याला कोणी प्रवेश म्हणत नाही. त्यासाठी आपल्याकडे 'डोकावणे' असा नेमका शब्द आहे. 'डोकावू नका' असं लिहिलं असतं तर त्या मुलाला पाटी कळली असती.

मग मी ती पाटी पाच कामगारांना दाखवली आणि एकच विचारलं, "हे वाचून आता काय कराल?" अर्थ विचारला नाही, कारण अर्थ विचारला की माणूस पाटीतलेच शब्द परत म्हणून दाखवतो. पाटीला म्हणायचं होतं बंदिस्त जागा, पण 'मर्यादित जागा' म्हणजे आत फार माणसं मावत नाहीत, असं दोघांनी सांगितलं. प्रवेशाच्या जाहिरातीत 'जागा मर्यादित' वाचलेल्या माणसाने दुसरं काय समजावं? एकाने परवाना म्हणून गाडीचं लायसन काढलं. तो चेष्टा करत होता, पण आमच्याकडे टाकीत उतरायच्या परवानगीच्या कागदाला साहेबांपासून हेल्परपर्यंत सगळे 'परमिट'च म्हणतात हेही खरं. 'वातावरण' म्हणजे पाऊसपाणी. 'परिचर' म्हणजे दवाखान्यातला किंवा ऑफिसातला शिपाई. तो टाकीपाशी कशाला हवा, हे कोणालाच सांगता आलं नाही.

गंमत अशी की २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये हाच माणूस किती स्वच्छ दिसत होता. श्वसनाचं साधन आणि पट्टा लावून आत उतरायचं, पट्ट्याला दोर बांधायचा आणि दोराचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाने धरायचं. कायद्यात माणसाच्या हातात दोर होता. पाटीवर येईपर्यंत दोर गेला आणि माणसाचा परिचर झाला.

याच कायद्याच्या कलम १०८ ने सूचनाफलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायला सांगितले. आम्ही 'समजणाऱ्या' हा शब्द गाळला आणि 'भाषेत' तेवढा ठेवला. तपासणीत मराठी मजकूर आहे का, एवढंच बघितलं जातं. मराठी दिसली की रकान्यात बरोबरची खूण.

मी पाटी नव्याने लिहायला बसलो तेव्हा आधी ठरवावं लागलं, की ती बोलते कोणाशी. 'चाचणी करणे अनिवार्य' हे कोणाला उद्देशून आहे? मीटर कामगाराकडे नसतो. हवा मी तपासतो. आधी ऑक्सिजन, मग पेट घेणारा वायू, मग विषारी, आणि तेही वर, मध्ये आणि तळाशी, कारण गाळातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर मी परमिट देत नाही. उतरणाऱ्या माणसाच्या हातात यातलं काहीच नसतं. त्याच्या हातात परमिटचा कागद असतो. त्यावर आजची तारीख आणि मीटरचे आकडे आहेत का, हे तो बघू शकतो. म्हणून पाटीने त्याला तेवढंच सांगावं.

दुसरी अडचण आपल्या वाक्यरचनेची. इंग्रजीत नकार सुरुवातीला येतो, मराठीत शेवटी. 'हवा तपासल्याशिवाय आत उतरू' इथपर्यंत वाचून माणूस वळला, किंवा शेवटच्या शब्दावर गंज चढला, की पाटी उलटं बोलते. म्हणून वाक्यं तोकडी ठेवायची आणि 'नका' कधीही खालच्या ओळीवर जाऊ द्यायचा नाही. 'नये' तर नकोच. 'येथे थुंकू नये' वाचत आपण मोठे झालो आहोत. 'नये' भिंतीशी बोलतं, 'नका' समोरच्या माणसाशी.

तिसऱ्या खेपेला मजकूर असा उतरला:

थांबा. आत विषारी गॅस.
वास नसला तरी गॅस असतो.
डोकावू नका. उतरू नका.
परमिटवर आजचे आकडे बघा.
आकडे नाहीत? उतरू नका.
बाहेर दोर धरायला माणूस नाही? उतरू नका.
आत कोणी पडला? मागे उतरू नका. ओरडा.

दुसरी ओळ एका जुन्या फिटरने घालायला लावली. या वायूला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि माणसाला वाटतं गॅस गेला. शेवटची ओळ मूळ इंग्रजी पाटीवर नव्हतीच. पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही आतच राहतो. अशा वेळी पाटी वाचायला कोण थांबणार, असं आमचे मॅनेजर म्हणाले. म्हणून ती ओळ लाल रंगात झाकणावरच रंगवली. झाकण उचलायला वाकलं की ती डोळ्यांपुढेच येते.

ही पाटी मी नव्या पाच जणांना दाखवली. चौघांनी काय करायचं ते अचूक सांगितलं. पाचवा बिहारचा होता, त्याला मराठी वाचता येत नव्हती. त्याच्यासाठी हिंदी पाटी आणि चित्र हवं. तेवढं काम माझं राहिलं आहे.

आपल्याकडे मागणी दोनच गोष्टींची आहे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने बंदिस्त टाकी, वीज बंद करून करायचं काम, उंचीवरचं काम, फिरती यंत्रं अशा नेहमीच्या धोक्यांसाठी मराठी मजकूर तयार करावेत, तेही कामगारांना दाखवून, भाषांतर शाखेकडून परस्पर नकोत. आणि तपासणीच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा. निरीक्षकाने पाटीजवळच्या कामगाराला बोलावून विचारावं, "हे वाचून काय कराल?" आणि त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं.

जुनी पाटी मी फेकलेली नाही. ती माझ्या टेबलामागे टेकवून ठेवली आहे. आपल्या कार्यालयाला हवी असेल तर पाठवून देतो, 'अनिवायर्'सकट.

आपला,
एक सेफ्टी ऑफिसर