एकशे अठरातले अठरा

संपादक महोदय,

गणपतीच्या आधी आमच्या वाडीच्या सभागृहाला रंग काढायचं ठरलं. तालुक्याच्या दुकानात सौदा झाला तो 'जीएसटी धरून ७०८० रुपये' असा. मी मंडळाचा खजिनदार. रात्री वहीत नोंद करायला बसलो तेव्हा बिलावर मूळ किंमत ५८०५.६० आणि कर १२७४.४० रुपये दिसला. बेरीज बरोबर ७०८० येते, त्यामुळे सहसा कुणाला शंकाही येत नाही. पण हा हिशेब चुकलेला आहे.

दुकानदाराने ७०८० चे सरळ १८ टक्के काढून वजा केले. कर मात्र मूळ किमतीवर बसतो, करासकट रकमेवर नाही. मूळ किंमत १०० धरली की गिऱ्हाईक ११८ देतं, आणि त्या ११८ मधले १८ कराचे असतात. म्हणून ७०८० ला ११८ ने भागायचं, ६० येतात. त्याला १०० ने गुणलं की मूळ किंमत ६००० आणि १८ ने गुणलं की कर १०८०. त्यातले ५४० केंद्राचे, ५४० राज्याचे.

पडताळा सोपा आहे. बिलावरच्या मूळ किमतीवर कर पुन्हा चढवून बघा. ६००० वर १८ टक्के चढवले की ७०८० होतात. ५८०५.६० वर चढवले तर ६८५०.६१ वरच गाडी थांबते.

मंडळाच्या खिशातून एक पैसाही जास्त गेला नाही. तरीही दुसऱ्या दिवशी मी बिल घेऊन दुकानात गेलो, कारण नुकसान त्या दुकानदाराचं होतं. कर म्हणून बिलावर जेवढी रक्कम वसूल केली तेवढी सरकारजमा करावी लागते. म्हणजे त्याचे हक्काचे १९४.४० रुपये कराच्या रकान्यात गेले होते. दिवसाला अशी दहा बिलं फाडणाऱ्या छोट्या दुकानदाराचं वर्षाला किती जात असेल, या विचाराने जीव कळवळतो. त्याने तिथल्या तिथे बिल बदलून दिलं.

दर ५ टक्के असेल, तर भागाकार १०५ ने. एकाच बिलात दोन दरांच्या वस्तू असतील, तर एकूण रकमेला एका आकड्याने भागून चालत नाही. प्रत्येक ओळ वेगळी सोडवावी लागते. आणि बिलावर दुकानदार 'कंपोझिशन' योजनेत असल्याचं लिहिलेलं असेल, तर त्यातून कर वेगळा काढूच नये. त्याला गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही, त्यामुळे बिलाची पूर्ण रक्कम हीच किंमत.

आपल्या किनाऱ्यावर घरगुती खानावळी आणि निवासवाले 'सगळं धरून' भाव सांगतात. त्यातल्या नोंदणी असलेल्यांनी आपलं एखादं जुनं बिल काढून हा पडताळा करून पाहावा, एवढ्यासाठी हे पत्र.

– एक खजिनदार, गुहागर