हळकुंडाचा पहिला गिऱ्हाईक

प्रिय मित्रा,

फोनवर तू विचारलंस की वसमतच्या हळदीला पोलंडचा गिऱ्हाईक कसा सापडला, तेव्हा मी मोंढ्यात होतो, बीट चालू होती, नीट बोलता आलं नाही. म्हणून आता निवांत लिहितोय.

निर्यातीसाठी लागणारा आयईसी कोड काढला, मसाले बोर्डाचं रजिस्ट्रेशन केलं आणि मला वाटलं आता मेल यायला लागतील. ट्रेड पोर्टलवर पैसे भरून मेंबरशिप घेतली. तीन महिन्यात चाळीसेक इन्क्वायरी आल्या, पण एकच इन्क्वायरी दहा-वीस जणांना जाते रे, त्यामुळं सगळे जण भाव पाडत बसतात. त्यातले निम्मे तर "दर महिन्याला पाच कंटेनर, बेस्ट प्राइस द्या" एवढंच म्हणायचे, कुठलं बंदर ते सुद्धा नाही. एकानं तर ऑर्डर पक्की म्हणून सांगितलं आणि मग तिकडच्या सरकारी रजिस्ट्रेशनची फी आधी भरा म्हणला. तिथंच सोडला त्याला. खरा गिऱ्हाईक भावाच्या आधी ओलावा, कर्क्युमिन म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक किती, पॅकिंग कसं, हे विचारतो, हे मला लई उशिरा कळलं.

मग डायरेक्ट मेल. पहिल्यांदा येड्यासारखं ऐंशी पत्ते बीसीसीत टाकून एकच मेल सोडला, तोही फुकटच्या मेल आयडीवरून, निम्मे बाउन्स झाले आणि बाकी बहुतेक स्पॅममध्येच गेले असणार. मग स्वतःचं डोमेन घेतलं, मेल स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून पुतण्यानं त्याचं एसपीएफ-डीकेआयएम सेटिंग करून दिलं, आणि दिवसाला फक्त पाच मेल. त्या पाचांसाठी रात्री दोन तास बसायचो: मसाले पॅक करणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या वेबसाइट बघायच्या, त्यांच्या पाकिटावर हळद कुठल्या देशाची लिहिलीय, ऑरगॅनिक विकतात की साधी, आणि ते बघून सहा ओळी लिहायच्या. अटॅचमेंट नाही, कारण अनोळखी माणसाची पीडीएफ कोण उघडणार.

या पोलंडवाल्याचा रिप्लाय एका ओळीचा आला, लेडचा, म्हणजे शिशाचा, रिपोर्ट आहे का? बांगलादेशात हळद पिवळी दिसावी म्हणून लेड क्रोमेट घालायचे, ते उघडकीला आल्यापासून युरोपचा माणूस आधी हेच विचारतो, तिथं हळदीला किलोमागं दीड मिलिग्रॅमची मर्यादा आहे. माझ्याकडं रिपोर्ट होता, पण मागच्या वर्षीच्या मालाचा. तसाच पाठवायचा मोह झाला होता, खोटं कशाला सांगू. पण बायको म्हणली, त्याला लॉट नंबर विचारला तर काय सांगाल. मग त्याच लॉटच्या पोत्यांतून, वरच्या, मधल्या, खालच्या, थोडी थोडी कांडी काढून एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबला पाठवली. लेड मर्यादेत आलं, पण कर्क्युमिन आलं ३.४ टक्के, आणि पोर्टलवर मी (सगळ्यांसारखं) पाच प्लस लिहून बसलो होतो!

रिपोर्ट पाठवला आणि सोबत लिहिलं, पोर्टलवरचा आकडा चुकीचा आहे, तो काढून टाकलाय, भाव त्या हिशोबानं कमी करतो. दोन दिवस काहीच नाही. मग त्यानं सॅम्पल मागितलं आणि कुरियरचा स्वतःचा अकाउंट नंबर दिला, तिथं मला त्याच्यावर विश्वास बसला, कारण टाइमपास करणारा कुरियरचा खर्च उचलत नाही. पाव किलो पाठवलं आणि त्याच पोत्यातलं तेवढंच सीलबंद करून माझ्याकडं ठेवलं, म्हणजे उद्या माल वेगळा निघाला असा वाद झाला तर दोघांसमोर एकच नमुना राहील.

मी पण त्याला तपासलंच की. त्याचा व्हॅट नंबर युरोपियन युनियनच्या VIES साइटवर टाकला, नाव-पत्ता जुळला. पैशाचं ठरलं असं: ३० टक्के आधी, उरलेले बीएलची, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीची, कॉपी मेलवर मिळाली की, आणि माल सोडवायला लागणारं ओरिजिनल बीएल पैसे आल्यावरच. ऑर्डर फक्त ५०० किलोची, एलसीएलनं, म्हणजे दुसऱ्यांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये, न्हावाशेवाहून. यात माझाही धोका आहे बरं का, त्यानं पैसे अडवले तर माल तिकडच्या बंदरात पडून भाडं चढत बसणार. पण पाचशे किलोत तेवढं सोसता येतं, कंटेनर असता तर झोप लागली नसती.

एक गोष्ट मला आवडली. अॅडव्हान्स पाठवायच्या आधी त्यानं व्हिडिओ कॉल लावला आणि माझ्या बँकेचा खाते नंबर मला तोंडानं वाचायला लावला. मध्येच कुणी मेल हॅक करून खाते नंबर बदलतात म्हणे. मी पॉलिशच्या ड्रमाजवळ उभा होतो, मागं भाऊ पोती शिवत होता, इंग्रजी माझं तुला माहीतच आहे, तरी त्यानं अर्धा तास ड्रम, पोती, गोदाम सगळं दाखवायला लावलं. दुसऱ्या दिवशी पैसे आले.

पुढच्या महिन्यात त्याला दोन टन हवेत, पण यावेळी त्याला अख्खी कांडी नको, पावडर पाहिजे, आणि तिचे टेस्ट वेगळे, जंतूंचे सुद्धा, आपली गिरणी तेवढी स्वच्छ नाही. तुझ्या ओळखीत नांदेडला कुणाची चांगली पल्व्हरायझरवाली युनिट आहे का? बघून सांग, मी रविवारी येतोच.

तुझाच
वसमतकर