शिकवणी की ग्रंथालय: मित्रास पत्र

प्रिय निखिल,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. विद्यापीठाच्या ग्रंथालयातील काम घ्यावे की शाळकरी मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्याव्यात, असा तुझा प्रश्न आहे आणि शिकवणीत ताशी पैसे बरेच जास्त मिळतात, हेही तू लिहिले आहेस. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर असताना मात्र पैशांचा हिशेब नंतर येतो. हे पैसे तुला कोण आणि कोणत्या नात्याने देणार, ते आधी पाहावे लागते.

पदवी किंवा त्यावरच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत नोकरी करता येते. स्वयंरोजगार मात्र एक तासही चालत नाही. पालकांशी परस्पर दर ठरवून त्यांच्या घरी शिकवणे हा स्वयंरोजगारच झाला, मग पैसे रोख मिळोत की बँकेत जमा होवोत. मायदेशातील मुलांना ऑनलाइन शिकवले तरी काम करणारा तू ब्रिटनमध्येच बसलेला असतोस, त्यामुळे ती पळवाट ठरत नाही. शिकवणी मिळवून देणाऱ्या संकेतस्थळांचे करारही नीट वाच. ‘तुम्ही आमचे कर्मचारी नसून स्वतंत्र कंत्राटदार आहात’, ‘कराची नोंदणी स्वतः करावी’ किंवा ‘दरमहा बिल पाठवावे’ असे एखादे वाक्य तिथे बहुधा सापडतेच. ते सापडले की तो पर्याय तिथेच सोडून द्यावा. नोकरीत करार असतो, कर पगारातूनच कापला जातो आणि हाती पेस्लिप येते.

याचा अर्थ शिकवणे सोडावे असा नाही. अनेक विद्यापीठांत गणित साहाय्य केंद्रे असतात आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना खालच्या वर्गांचे ट्यूटोरियल घेण्यासाठी कर्मचारी म्हणून नेमले जाते. तुझी आवड पाहता मी ग्रंथालयाआधी तिथेच चौकशी केली असती. फक्त एक गोष्ट विचारून घे: वर्गाच्या प्रत्येक तासामागे तयारीचे आणि वह्या तपासण्याचे किती तास करारात धरले आहेत? वर्ग ४ तासांचा आणि तयारी ३ तासांची असेल, तर तुझ्या मर्यादेतून ७ तास गेले. वेळापत्रकावर चारच दिसतात आणि तिथेच अनेकांची फसगत होते.

आता आठवड्याचे गणित. नियमातला आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो, सगळ्या मालकांकडचे तास एकत्र धरले जातात आणि सरासरी काढता येत नाही. समज, ग्रंथालयात तुझे सोमवार ते शुक्रवार १२ तास झाले. शनिवारी विद्यापीठ पाहायला येणाऱ्यांना फिरवून दाखवण्याचे ७ तासांचे काम केलेस, एकूण १९. रविवारी संध्याकाळी सहकारी आजारी पडला म्हणून तू ३ तासांची पाळी घेतलीस, की झाले २२ आणि नियम मोडला. त्या महिन्यातले इतर तीन आठवडे १४, १६ आणि १८ तासांचे असतील, तर चार आठवड्यांची बेरीज ७० येते, म्हणजे ८० च्या बरीच आत. तरीही त्या एका आठवड्याचा भंग पुसला जात नाही. तीच पाळी दुसऱ्या दिवशी, सोमवारी घेतली असती आणि तो नवा आठवडा १४ तासांचा असता, तर काहीच बिघडले नसते. पेस्लिप महिन्याची निघते, तिच्यावर आठवडे दिसतातच असे नाही, म्हणून तारीखवार तास स्वतःच लिहून ठेव. दोन्ही कामे एकाच विद्यापीठाची असली तरी एका विभागाला दुसऱ्याचे वेळापत्रक ठाऊक असेलच, असे गृहीत धरू नकोस.

बिनपगारी कामाबद्दलही सावध राहा. एखाद्या संस्थेत ठरलेल्या वेळी येण्याचे बंधन असेल आणि पगारी कर्मचाऱ्यासारखेच काम असेल, तर पैसे मिळाले नाहीत तरी ते तास २० मध्ये मोजले जातात.

उन्हाळ्यात पूर्णवेळ काम करता येईल असे तू गृहीत धरले आहेस, ते मला सर्वांत धोक्याचे वाटते. सुट्टीत पूर्णवेळ काम करता येते हे खरे. पण ती सुट्टी तुझ्या अभ्यासक्रमाची असावी लागते. पदवीचे विद्यार्थी उन्हाळ्यात मोकळे असतात. तुझ्यासारख्या एक वर्षाच्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याचे ते महिने प्रबंधाचे असतात, आणि वर्ग भरत नसले तरी सहसा सत्रातच गणले जातात. शेजारच्या खोलीतला मुलगा जूनमध्ये ४० तास काम करतो, यावरून तुझी मर्यादा ठरत नाही.

तेव्हा कोणताही करार करण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ई-मेल कर आणि तुझ्या अभ्यासक्रमाच्या सत्राच्या व सुट्टीच्या तारखा लेखी माग. नोकरी देणारा मालकही त्याच तारखांचा पुरावा मागेल, त्यामुळे ते पत्र दोनदा उपयोगी पडेल. शिकवणीच्या संकेतस्थळाचा करार तुझ्याकडे आला असेल, तर सही न करता आधी मला पाठव. आपण दोघे मिळून वाचू.

तुझा,
समीर